गृह, गूह आणि पाटीवरची अक्षरं

केजच्या स्टँडजवळ माझ्या मामांची रसवंती होती. चाळीस वर्षं चालवली आणि गुडघ्यांनी साथ सोडली तेव्हा बंद केली. बंद करण्याच्या आदल्या दिवशी मी फोनवर एक फोटो काढला. लाकडी बाकडी, घुंगरं बांधलेला चरक, उसाच्या मोळीला टेकून उभे मामा आणि वर पिवळ्या पत्र्यावर लाल रंगात, पेंटरच्या हातची पाटी: कानिफनाथ रसवंती गृह. घरच्यांनी ठरवलं, या फोटोचं जलरंगातलं चित्र करून, फ्रेम करून मामांना द्यायचं. हाताने चित्र काढून घ्यायला वेळ नव्हता. पुतण्याने फोटो एका प्रोग्रामला दिला, ‘जलरंग’ निवडलं आणि मिनिटाभरात चित्र तयार. ऊन सुरेख उतरलं होतं, मामांचा फेटासुद्धा. आम्ही प्रिंट काढली, फ्रेम केली, नेऊन दिली.

मामांनी चष्मा लावला, चित्र लांब धरलं, जवळ आणलं आणि म्हणाले, “भाच्या, चाळीस वर्सं लोकायला रस पाजला. आन् तू शेवटी हे लिहून आनलं व्हय?”

पाटीवर ‘कानिफनाध रसवती गूह’ असं उमटलं होतं. पहिल्या दोन चुका कुणाच्या लक्षात आल्या नसत्या. तिसरीने सगळं घर हसलं, मामा सोडून.

हे पुस्तक त्या फ्रेमपासून सुरू झालं. बीडमध्ये माझं डीटीपी आणि फ्लेक्सचं दुकान आहे, म्हणजे अक्षरं चुकू न देणं हाच माझा धंदा. तरी माझ्याच घरच्या चित्रातली तीन अक्षरं मी प्रिंटरमधून बाहेर जाऊ दिली. का जाऊ दिली, ती तशी का उमटली आणि परत जागेवर कशी बसवायची, हे शोधताना जे हाती लागलं ते इथे मांडलं आहे.

सुरुवातीलाच एक गोंधळ दूर करायला हवा, कारण दुकानात येणारी दहातली निम्मी माणसं याच गोंधळात असतात. आपल्याकडच्या फ्लेक्सवाल्यांना बिघडलेलं मराठी नवं नाही. जुन्या श्रीलिपी किंवा कृतीदेवमध्ये टाइप केलेला मजकूर युनिकोडच्या प्रोग्राममध्ये उघडला की भलतीच चिन्हं दिसतात. पण त्या आजारात अक्षर हरवलेलं नसतं. संगणकाकडे क्रमांक असतात, ते चुकीच्या तक्त्यावरून वाचले जातात इतकंच. योग्य तक्ता लावला की मजकूर जसाच्या तसा परत येतो. चित्राचा बाज बदलताना बिघडणारी पाटी हा वेगळा आजार आहे. तिथे मागे कुठलाच मजकूर नसतो. यंत्राने ‘गृह’ वाचून ‘गूह’ लिहिलं असं झालेलं नाही. त्याने काही वाचलंच नाही. ग-सारखं काहीतरी, खाली एक आकडा आणि शेजारी ह-सारखं काहीतरी, एवढंच त्याला दिसलं आणि तेवढंच त्याने पुन्हा रंगवलं. म्हणून नव्या चित्रावर कितीही घासूनपुसून काम केलं तरी मूळ अक्षर सापडत नाही. ते त्या चित्रात नसतंच. ते मूळ फोटोत असतं आणि तिथूनच आणावं लागतं. या पुस्तकातला सगळा खटाटोप या एका गोष्टीवर उभा आहे.

फोटोला चित्राचा बाज आपोआप देण्याची आजची तऱ्हा 2015 मध्ये सुरू झाली. जर्मनीत ट्युबिंगन इथे काम करणाऱ्या गॅटिस, एकर आणि बेथगे यांनी त्या वर्षी दाखवलं, की फोटोतल्या वस्तू ओळखायला शिकवलेल्या जाळ्याकडून एका चित्राची मांडणी आणि दुसऱ्याचा पोत वेगवेगळा काढून एकत्र करता येतो. पुढच्याच वर्षी प्रिझ्मा या अ‍ॅपने ही करामत फोनवर आणली. त्या काळातली अक्षरं बिघडत, पण ती प्रामाणिकपणे बिघडत. ब्रशचे फटकारे अक्षरांच्या कडा खाऊन टाकत, शिरोरेषा लाटेसारखी वळत असे. वाचता येत नसे, पण भलतंच काही वाचलंही जात नसे. भिजलेल्या पोस्टकार्डासारखं ते असे.

2022 च्या ऑगस्टमध्ये स्टेबल डिफ्यूजन सर्वांसाठी खुलं झालं आणि बिघाडाची जातच बदलली. ही पद्धत फोटोवर पोत चढवत नाही. फोटोत ठरावीक प्रमाणात मुंग्या मिसळते, म्हणजे जुन्या टीव्हीवर केबल निघाल्यावर दिसायच्या तशा, आणि मग त्या मुंग्यांतून चित्र नव्याने शोधून काढते. किती मुंग्या मिसळायच्या याची एक कळ असते, शून्य ते एक. शून्याजवळ फोटो जवळपास तसाच राहतो, एकाजवळ जुन्या फोटोचं जवळपास काहीच उरत नाही. जलरंगाचा बाज नीट यायचा तर कळ साधारण अर्ध्यापर्यंत न्यावी लागते. नेमकं तिथेच लहान अक्षर मुंग्यांत बुडतं आणि वर येताना दुसरंच होऊन येतं. 2023 च्या फेब्रुवारीत कंट्रोलनेट आलं. मूळ फोटोतल्या कडांचा नकाशा त्याला देता येतो, त्यामुळे मोठी अक्षरं पुष्कळ सावरली. मग 2025 च्या मार्चमध्ये चॅटजीपीटीमधल्या नव्या चित्रसोयीने घिब्ली धाटणीच्या चित्रांची लाट आणली आणि लग्नापासून बैलपोळ्यापर्यंतचे फोटो लोकांनी त्यात घातले. या नव्या यंत्रांना इंग्रजी पाट्या बऱ्यापैकी जमू लागल्या. देवनागरीत मात्र एक नवीनच धोका उभा राहिला, त्याबद्दल पुढे येईल.

आता त्या अनुस्वाराकडे जाऊ, म्हणजे ‘रसवंती’चं ‘रसवती’ का झालं याकडे. इथे थोडं गणित आहे, पण ते चहाच्या हिशोबापेक्षा अवघड नाही.

माझा मूळ फोटो 4000 बाय 3000 ठिपक्यांचा होता. पाटी त्यात 1400 ठिपके रुंद, अक्षराची उंची सुमारे 160. प्रोग्रामने काम सुरू करण्यापूर्वी फोटो 1024 ठिपके रुंदीवर आणला, म्हणजे जवळपास चौथाईवर. अक्षर 41 ठिपके उंच उरलं. पेंटरने टेकवलेला अनुस्वार अक्षराच्या आठव्या हिश्शाएवढा होता, तो पाचेक ठिपक्यांचा झाला. आतापर्यंत सगळं ठीक आहे, पाच ठिपक्यांचं टिंब डोळ्याला दिसतं. पण स्टेबल डिफ्यूजनच्या घराण्यातली यंत्रं ठिपक्यांवर काम करतच नाहीत. आधी चित्राचे आठ बाय आठ ठिपक्यांचे चौकोन पाडतात आणि प्रत्येक चौकोनाची मोजक्या आकड्यांत गोळी करतात. चौकोनात 64 ठिपके, प्रत्येकाचे लाल, हिरवा, निळा असे तीन आकडे, एकूण 192. सुरुवातीच्या आवृत्त्यांत त्या 192 आकड्यांचे चार केले जात. 2024 मध्ये आलेल्या पुढच्या यंत्रांत, उदाहरणार्थ स्टेबल डिफ्यूजन 3 मध्ये, सोळा. आमचा अख्खा अनुस्वार एका चौकोनाहून लहान होता. चेहऱ्याच्या गालावर किंवा आभाळात असा चौकोन हरवला तर कुणाला कळत नाही, कारण शेजारचा चौकोन तेच सांगत असतो. अनुस्वाराबद्दल शेजारचा चौकोन काहीच सांगू शकत नाही.

देवनागरीची अडचण इथेच आहे. आपल्या लिपीत अर्थाचा मोठा भार लहानसहान खुणांवर असतो आणि त्या खुणा अक्षराच्या वर नाही तर खाली लटकलेल्या असतात. ऋकार आणि ऊकार यांत फरक एका वळणाचा, थ आणि ध यांत एका गाठीचा. इंग्रजी मोठ्या अक्षरांतली पाटी याच आकाराला पुष्कळदा तगते, कारण तिथे असं वर-खाली काही नसतं. त्यात या यंत्रांनी पाहिलेल्या चित्रांत मराठी पाट्या किती असणार? जी देवनागरी त्यांनी पाहिली ती बहुतांश हिंदी वळणाची. म्हणून ल आणि श बऱ्याचदा हिंदी घाटात येतात. चुकलेले नसतात, पण परगावचे वाटतात. आणि आपला खास ऱ्ह तर जवळपास कधीच येत नाही. ‘गुऱ्हाळ’ लिहिलेली पाटी घालून पाहा. ऱ्ह-च्या जागी कधी रफार येतो, कधी नुसती एक उभी काडी.

‘मग पाटीवर काय लिहायचं ते सूचनेत शब्दांनी सांगावं’, असं बरेच जण सुचवतात. मीही केलं. जुन्या आवृत्त्यांत त्याचा उपयोग शून्य, आणि त्याचं कारण कळल्यावर मला यंत्राची थोडी कीवच आली. सूचना समजून घेणारा त्यांचा भाग मुख्यतः इंग्रजी मजकुरावर घडलेला आणि एका वेळी 77 तुकड्यांपुरताच. ‘कानिफनाथ रसवंती गृह’ यात स्वरचिन्हं धरून 17 चिन्हं आहेत. संगणक युनिकोडमधलं देवनागरीचं एकेक चिन्ह तीन बाइटांत साठवतो, म्हणजे 51 बाइट. ज्याला शब्द ओळखीचा नाही तो हे बाइट सुटे सुटे चघळतो आणि त्यातून त्याला ना उच्चार कळतो ना आकार. या अडचणीवर काम झालेलं आहे. 2023 मध्ये आलेलं एनीटेक्स्ट हे यंत्र शब्द सांगण्याऐवजी अक्षराचं चित्रच यंत्राला दाखवतं. पण त्याचा रोख चिनी आणि इंग्रजीवर. मराठीसाठी त्यावर विसंबून राहावं असं मला वाटत नाही.

नव्या यंत्रांचा धोका असा. 2022 च्या यंत्रांतून आलेली पाटी पाहताच कळायचं की हे गचाळ आहे: तुटलेली शिरोरेषा, हवेत लोंबणारी वेलांटी, कुठल्याही लिपीत न बसणारी चिन्हं. असा कचरा निरुपद्रवी असतो, कारण तो दिसतो. नवी यंत्रं स्वच्छ, सुबक, खरीखुरी अक्षरं काढतात आणि त्यातलं एखादंच बदलतात. ‘नाथ’चं ‘नाध’ मी स्वतः पाहिलं नाही, ते याचमुळे. डोळा ओळखीचा शब्द अक्षर अक्षर वाचत नाही, घाट पाहून पुढे जातो. श्रद्धांजलीच्या फलकावर असं आडनाव बदललं तर काय होतं, हे आमच्या धंद्यातल्या माणसाला सांगायला नको.

दुरुस्तीच्या बाबतीत मला चार तऱ्हेची माणसं भेटली. त्यांना घराणी म्हणायला हरकत नाही, कारण प्रत्येकाला आपलंच खरं वाटतं.

पहिलं घराणं म्हणतं, बिघडूच देऊ नका. पाटीवर मुखवटा टाकून तो भाग यंत्रापासून वाचवा, कळ खाली ठेवा, कडांचा नकाशा द्या. हे सोपं आहे आणि पाटी लहान, दूरची असेल तर पुरेसंही. पण मुखवट्याखालची पाटी फोटोचीच राहते. जलरंगाच्या गावात पत्र्याचा एक चौकोन चकचकीत उठून दिसतो, जणू कुणीतरी मागाहून चिकटवला आहे. दुसरं घराणं पाटीचा तेवढाच भाग कापून, मोठा करून पुन्हा यंत्राला देतं. विचार बरोबर आहे: अक्षर 41 ऐवजी 160 ठिपके उंच झालं तर अनुस्वाराला दोन-तीन चौकोन मिळतात. पण निकाल नशिबावर. दहा वेळा करा, एकदा बरोबर येईल आणि ते बरोबर आलं हेही तुम्हालाच तपासावं लागेल.

तिसरं घराणं आम्हा डीटीपीवाल्यांचं: पाटी सरळ फॉण्टमध्ये टाइप करा आणि बसवा. छापील फलकांसाठी मी डोळे झाकून याच बाजूचा. रेल्वेस्थानकाचा पिवळा फलक घ्या. 17 सप्टेंबर 2025 रोजी बीडहून अहिल्यानगरकडे पहिली गाडी सुटली आणि ज्या शहराने कैक दशकं या रेल्वेची वाट पाहिली तिथे त्या फलकासोबत फोटो काढणं ओघानेच आलं. असा फोटो चित्रात बदलला तर ‘बीड’ टिकतं, कारण अक्षरं मोठी आणि दोनच. पण फलकांवर खाली समुद्रसपाटीपासूनची उंची बारीक अक्षरांत लिहायची रेल्वेची पद्धत आहे. त्या ओळीचा चुरा होतो. तिथे ओळ पुन्हा टाइप करणं हाच शहाणपणा, कारण मूळ अक्षरही साच्यातलंच होतं. फक्त टाइप करताना भाषा मराठी आहे हे प्रोग्रामला सांगायला विसरू नये. चांगल्या युनिकोड फॉण्टांत ल आणि श यांची मराठी रूपं वेगळी ठेवलेली असतात, पण भाषा सांगितल्याशिवाय ती जागी होत नाहीत. लिनक्सवर एका ओळीत काम होतं:

```
pango-view --language=mr --font="Mukta Bold 96" \
  --text="पार्सल" --background=transparent \
  -q -o pati.png
```

मुक्त हा मुंबईच्या एकटाइपने केलेला आणि सर्वांना मोफत असलेला फॉण्ट. इथे तो उदाहरणादाखल आहे, तुमच्या पाटीला जो जवळचा तो घ्या. निघालेली पाटी चित्रातल्या फलकाच्या चार कोपऱ्यांवर ताणून बसवायची, जिम्प किंवा फोटोशॉपमधल्या पर्स्पेक्टिव्हच्या हत्याराने.

मामांच्या पाटीला मात्र कुठलाही फॉण्ट लावायला माझा हात धजेना. ती पेंटरने लिहिली होती. त्याचा ‘र’ पोट सुटल्यासारखा, ‘ह’ शेवटी शेपूट झाडणारा. तिथे मी चौथ्या घराण्यात गेलो: अक्षराचा आकार मूळ फोटोतून, रंग नव्या चित्रातून. कसं, ते सविस्तर सांगतो, कारण पुस्तकातल्या बाकी सगळ्या पद्धती याचीच लहानमोठी भावंडं आहेत.

आधी नवं चित्र चौपट मोठं केलं, 1024 वरून 4096 ठिपके रुंदीवर. त्यामुळे ते मूळ फोटोच्या मापाला आलं. फोटो 4000 चा होता, तोही जरासा वाढवून 4096 चा केला आणि चित्रावर दुसरा थर म्हणून ठेवला. पाटीचे कोपरे जुळतात का पाहिलं. मुंग्यांच्या पद्धतीत वस्तू सहसा जागच्या जागी राहतात, त्यामुळे ते जुळले. 2025 नंतरच्या यंत्रांत अख्खं चित्र नव्याने काढलं जातं आणि पाटी थोडी सरकते किंवा कलते. तेव्हा चारही कोपरे हाताने ओढून जुळवावे लागतात.

मग लाल अक्षरं पिवळ्या पत्र्यापासून वेगळी करायची होती. एक एक अक्षर कातरायला बसलो असतो तर आजही कातरत असतो. त्याऐवजी मूळ फोटोचा फक्त हिरवा चॅनल पाहिला. पिवळ्यात लाल आणि हिरवा दोन्ही भरपूर असतात, लालात हिरवा जवळपास नसतो. त्यामुळे हिरव्या चॅनलमध्ये पत्रा पांढरा दिसतो आणि अक्षरं काळी, गंजाचे डाग मधले करडे. लेव्हल्सच्या पट्ट्यांनी करडं पांढऱ्याकडे ढकललं आणि पेंटरच्या हातची अक्षरं सुटी होऊन समोर आली. अनुस्वार होता, ऋकार होता, ‘थ’ची गाठ होती. निळ्या पाटीवरच्या पांढऱ्या अक्षरांना लाल चॅनल चालतो. रंगांची अशी जोडी ओळखली की अर्धं काम झालं.

पुढची पायरी लोक हमखास विसरतात: नव्या चित्रातली चुकीची अक्षरं आधी पुसायची. नाही तर खऱ्या अक्षराच्या मागून खोट्याची शेपटी डोकावते. दोन शब्दांमधला मोकळा पिवळा रंग उचलून पाटी कोरी केली. त्यावर सुटी झालेली अक्षरं मुखवटा म्हणून ठेवली आणि मुखवट्याच्या आत चित्रातलाच लाल रंग भरला, जो मामांच्या मागच्या पडद्यावर होता. अक्षरं बरोबर आली, पण कात्रीने कापल्यासारखी कडक. कडा दोन ठिपक्यांनी मऊ केल्या आणि चित्रातला कागदाचा पोत त्यांच्यावर हलका पसरला. शेवटी फक्त पाटीचा तुकडा, मोठ्या मापातच, यंत्रातून एकदा फिरवून घेतला, कळ अगदी खाली ठेवून. पहिल्यांदा 0.35 ठेवली तर अनुस्वार शिरोरेषेला जाऊन चिकटला. 0.2 वर रंग ओघळल्यासारखा छान आला आणि अक्षर हललं नाही. हा आकडा सगळीकडे चालेल असं समजू नका. अक्षर जितकं लहान तितकी कळ खाली.

तपासणीसाठी मी आता दोन गोष्टी करतो. मूळ थर आणि नवा थर एकावर एक ठेवून वरच्याची उघडझाप करतो, जे बदललं असेल ते उडी मारून दिसतं. आणि पाटी उजवीकडून डावीकडे वाचतो, अक्षर अक्षर: ह, गृ, ती, वं, स, र. उलटं वाचताना मनाला शब्द सापडत नाही, म्हणून ते खोटं पूर्ण करू शकत नाही. टेसरॅक्टसारख्या प्रोग्रामकडून मराठी पाटी वाचून घेता येते, पण तोही शब्दांच्या सवयीने घडलेला आहे. ‘रसवती’चं ‘रसवंती’ करून तो तुम्हाला बिनधास्त शाबासकी देऊ शकतो.

इथे एक वाद निघतो आणि मी त्यात एका बाजूचा आहे. मामांच्या चरकाजवळ दुसरी छोटी पाटी होती, ‘पार्सल मीळेल’. दीर्घ मी. पुतण्या म्हणाला, आता दुरुस्त करतोच आहोत तर हेही करून टाकू. मी करू दिलं नाही. आपण यंत्राची चूक काढायला बसलो आहोत, पेंटरची नाही. छापायच्या नव्या फलकावर शुद्धलेखन पाहावं. पण जुन्या फोटोचं चित्र करताना पाटीवर जे होतं तेच राहावं, चुकीसकट. आणि मूळ फोटोतच जी पाटी वाचता येत नाही, धूसर आहे, अर्धी झाडाआड आहे, ती धूसरच ठेवावी. तर्काने भरलेलं नाव हे यंत्राच्या नावाइतकंच खोटं.

यालाही एक हद्द आहे. आमच्या जिल्ह्यात अंबाजोगाईला दासोपंतांची पासोडी आहे, कापडाच्या लांबच लांब पट्टीवर लिहून काढलेलं पंचीकरण. तिच्या फोटोला असला बाज चढवण्याचा मोह कुणालाही होऊ शकतो. माझं मत विचाराल तर तिथे या पुस्तकातली कुठलीच पद्धत वापरू नये. पाटीवर दहा-पंधरा अक्षरं असतात आणि ती ताडून पाहायला मूळ फोटो हाताशी असतो. हजारो अक्षरं, जुनी वळणं आणि विरलेलं कापड यांत कुठलं अक्षर बदललं हे तज्ज्ञालाही वेगळं काढता येणार नाही. मोडीचे कागदही याच रांगेतले. मोडी 2014 मध्ये युनिकोडमध्ये आली खरी, पण चित्रं काढणाऱ्या यंत्रांच्या लेखी ती अजून नुसती वळवळ आहे.

हे सगळं आताच का, असं विचारलं तर कारण रस्त्यावर दिसतं. 2022 च्या कायदादुरुस्तीने राज्यातल्या लहान दुकानांनाही मराठी पाटी सक्तीची केली आणि ती इतर लिपीपेक्षा लहान चालणार नाही असं ठरवलं. 2023 च्या सप्टेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने दुकानदारांना त्यासाठी दोन महिने दिले. म्हणजे महाराष्ट्रातल्या बाजाराचा कुठलाही फोटो आता देवनागरीने भरलेला असतो. त्याच काळात चित्राचा बाज बदलणं फोनवर फुकट झालं. इंग्रजी पुस्तकांतून आणि व्हिडिओंतून या दुरुस्तीबद्दल जे सांगतात ते इंग्रजी पाट्यांबद्दल असतं. त्यात मात्रा नाही, वेलांटी नाही, ऱ्ह तर नाहीच. ‘नवीन आवृत्तीत हे सुटलं आहे’ हे त्यांचं वाक्य आपल्या पाटीला लागू होत नाही.

म्हणून हे पुस्तक देवनागरीपासून सुरू होतं आणि तिथेच थांबतं. ते फ्लेक्सवाल्यांसाठी आहे, फोटो स्टुडिओवाल्यांसाठी आहे आणि घरी बसून आजोबांचा फोटो रंगवून पाहणाऱ्या नातवंडांसाठीही. जिथे जमलं तिथे मोफत प्रोग्राम वापरले आहेत, कारण तालुक्याच्या ठिकाणी महागड्या प्रोग्रामची विकत घेतलेली प्रत किती दुकानांत असते हे मला ठाऊक आहे. कोऱ्या जागेवर नवं पोस्टर बनवणं यात नाही, तो वेगळा विषय. कुठलं यंत्र सगळ्यात चांगलं हेही सांगितलेलं नाही. मी लिहून संपवेपर्यंत ते उत्तर दोनदा बदललं. आधी कुठल्या घराण्याने जायचं ते ठरवण्यावर जास्त पानं खर्च केली आहेत, कारण साच्यातल्या फलकाला आणि पेंटरच्या पाटीला एकच औषध देण्यातून बहुतेक वाईट दुरुस्त्या जन्माला येतात. प्रत्येक उदाहरणाचा मूळ फोटो शेजारी छापला आहे. तो झाकून नवं चित्र आधी वाचा, मग ताडून पाहा. मला माझीच उदाहरणं तपासताना त्यात चुका सापडल्या आहेत आणि त्या मुद्दाम तशाच ठेवल्या आहेत.

मामांना दुसरी फ्रेम नेऊन दिली. तीनशे ठिपक्यांना एक इंच या हिशोबाने साधारण साडेतेरा इंच रुंद. त्यांनी पुन्हा चष्मा लावला, बोट फिरवत पाटी वाचली, मान डोलावली. मग बोट पाटीच्या उजव्या कोपऱ्यात, अगदी खाली थांबलं.

“हितं पेंटरची सही व्हती,” ते म्हणाले.

मूळ फोटोत पाहिलं. होती. तीस ठिपके उंच, तिरकी, नावाखाली एक रेघ. नव्या चित्रात तिच्या जागी तीन लाल ओरखडे होते आणि मी पाटी कोरी करताना तेही पुसून टाकले होते. हिरवा चॅनल पुन्हा उघडला.